एसीच्या पाइपला घाम का येतो आणि इन्सुलेशन किती जाड घ्यायचं

पावसाळ्यात फॉल्स सीलिंगवर पिवळट डाग उमटला की पहिला संशय ड्रेन पाइपवर जातो. ड्रेन साफ केला जातो आणि चार दिवसांत डाग परत ओला होतो. मग कुणीतरी सीलिंगचा चौकोन उघडतं, तर काळ्या रबरी नळीच्या पोटाला थेंबांची रांग लागलेली असते. पाइप गळत नसतो आणि त्यावर इन्सुलेशनही असतं, तरी पाणी टपकत असतं.

या कामात नवीन असाल तर एवढं पक्कं धरा: थंड पाइपवर इन्सुलेशन आहे की नाही हा प्रश्न अर्धाच आहे. इन्सुलेशनचा बाहेरचा पृष्ठभाग आजूबाजूच्या हवेच्या दवबिंदूपेक्षा गरम राहतोय का, हा पूर्ण प्रश्न. राहत असेल तर एक थेंबही धरणार नाही. अर्धा अंश जरी खाली गेला तरी हवेतली वाफ तिथे पाणी होऊन बसते आणि एसी चालू असेपर्यंत बसतच राहते.

इथे दोन टनाच्या स्प्लिट एसीचं उदाहरण घेऊ. समजा रत्नागिरीतलं एखादं दुकान आहे, पाच सुती सक्शन पाइप, म्हणजे थंड गॅस बाहेरच्या युनिटकडे परत नेणारा जाड पाइप, फॉल्स सीलिंगच्या वरून गेलाय आणि महिना जुलैचा आहे. पाच सूत म्हणजे बाहेरून १५.८८ मिमी.

आधी हवा मोजा, आणि ती सीलिंगच्या वर मोजा

लागतो तो साधा डिजिटल तापमान-आर्द्रता मीटर. नवखा माणूस तो दुकानातल्या टेबलावर ठेवतो आणि तिथेच गणित चुकतं. खालची हवा एसीने गार आणि कोरडी केलेली असते, पाइप मात्र वरच्या बंद पोकळीत असतो. त्या पोकळीत बाहेरची दमट हवा शिरलेली असते, शेजारी बाथरूम असेल किंवा वर ओल धरणारी गच्ची असेल तर विचारूच नका. म्हणून मीटर चौकोनातून वर सरकवा, पाइपपासून हातभर लांब ठेवा, चौकोन बंद करा आणि अर्ध्या तासाने आकडा वाचा. चौकोन उघडा ठेवून वाचलात तर खालच्या हवेचाच आकडा हाती येईल. दिवसातून दोनदा मोजता आलं तर उत्तम: एकदा सकाळी दुकान उघडल्यावर आणि एकदा एसी दोन-तीन तास चालल्यावर.

स्वस्त मीटरवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. आर्द्रतेत ५ टक्क्यांची चूक त्यात सहज असते, आणि त्या ५ टक्क्यांनी दवबिंदू जवळपास एक अंशाने सरकतो. मीटर तपासायची सोपी युक्ती आहे. बाटलीच्या झाकणात चमचाभर साधं मीठ घ्या, त्यात दोन-चार थेंब पाणी घालून ते ओलसर करा, विरघळवायचं नाही. मीठ आणि मीटर एका हवाबंद डब्यात रात्रभर ठेवा. आपल्याकडच्या तापमानाला त्या डब्यात आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास स्थिरावते. सकाळी मीटर ७० दाखवत असेल तर तो ५ ने कमी दाखवतोय हे कळलं. पुढच्या प्रत्येक आकड्यात तेवढे मिळवा.

आपल्या दुकानाच्या सीलिंगवर तापमान ३० अंश आणि आर्द्रता ८० टक्के मिळाली असं धरू.

दवबिंदू काढा

मोबाइलवर किंवा संगणकावर स्प्रेडशीट उघडा. A2 मध्ये तापमान, B2 मध्ये आर्द्रता लिहा, C2 मध्ये हे सूत्र टाका:

```
=243.12*(LN(B2/100)+17.62*A2/(243.12+A2))/(17.62-LN(B2/100)-17.62*A2/(243.12+A2))
```

३० आणि ८० ला उत्तर येतं २६.२ अंश. म्हणजे त्या पोकळीत २६.२ च्या खाली गेलेली कुठलीही गोष्ट घाम धरणार, मग ती पाइप असो, हँगरचा रॉड असो की पत्रा.

शिडीवर उभं असताना स्प्रेडशीट कुठे उघडणार? तेव्हा १०० मधून आर्द्रता वजा करा आणि ५ ने भागा. हवेच्या तापमानापेक्षा दवबिंदू साधारण तेवढ्या अंशांनी खाली असतो. ८० टक्क्यांना ४ अंश, ८५ ला ३, ९० ला २. आर्द्रता ५० च्या वर असेल तोवर हा हिशोब कामचलाऊ ठरतो.

खरं तर दवबिंदूपेक्षा हा फरकच लक्षात ठेवायचा आकडा आहे. आपल्या उदाहरणात तो ३.८ अंश आहे. इन्सुलेशनचा बाहेरचा पृष्ठभाग हवेपेक्षा ३.८ अंशांनीच गार व्हायची मुभा आहे, त्यापलीकडे नाही. नागपुरात मे महिन्यात ४४ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असते तेव्हा दवबिंदू १२ च्या आत असतो आणि मुभा असते ३२ अंशांची. तिथे ९ मिमीची पातळ नळीही कोरडी राहते. तीच नळी तोच माणूस त्याच पद्धतीने कोकणात लावतो आणि मग पाणी टपकायला लागतं. त्याचं काम वाईट नसतं, त्याने हवा मोजलेली नसते.

पाइप किती थंड आहे ते बघा

एसी पूर्ण थंडीवर अर्धा तास चालू द्या. मग सक्शन पाइपच्या उघड्या तांब्यावर तापमानाचा प्रोब टेपने घट्ट बसवा आणि वरून रबराचा तुकडा गुंडाळून वाचा. व्यवस्थित चालणाऱ्या मशीनचा सक्शन पाइप साधारण ५ ते १० अंशांवर असतो. आपण सावधपणे ५ धरू.

इथे शून्याच्या खालचा आकडा आला किंवा पाइपवर बर्फ दिसला तर थांबा. गॅस कमी असेल, फिल्टर किंवा कॉइल घाणीने भरली असेल किंवा पंखा नीट फिरत नसेल. ते आधी दुरुस्त करा. आजारी मशीनच्या आकड्यावर इन्सुलेशन ठरवायचं नसतं.

दुसरा पाइप विसरू नका. स्प्लिट एसीत दाब कमी करणारा भाग, म्हणजे कॅपिलरी किंवा एक्स्पान्शन व्हॉल्व्ह, बहुतेक वेळा बाहेरच्या युनिटमध्येच असतो. त्यामुळे आत येणारा बारीक पाइपही थंडच असतो. त्याला वेगळी नळी हवी. दोन्ही पाइप एकाच नळीत कोंबलेले दिसले तर तिथे कुणीतरी इन्सुलेशन वाचवलंय, आणि ते पाणी सीलिंगवर येणारच.

आता जाडी

तर्क असा आहे. पाइप ५ अंश, हवा ३० अंश, मध्ये २५ अंशांचा फरक. हा फरक दोन थरांत वाटला जातो: एक इन्सुलेशनचा थर आणि दुसरा त्याच्या बाहेर चिकटून असलेला हवेचा पातळ थर. इन्सुलेशनने जितका मोठा वाटा घेतला तितका हवेच्या वाट्याला कमी उरतो आणि पृष्ठभाग हवेच्या तापमानाजवळ राहतो. हवेच्या वाट्याला ३.८ पेक्षा कमी यायला हवं, एवढीच अट आहे.

स्प्रेडशीटमध्ये D2 मध्ये पाइपचं तापमान, E2 मध्ये पाइपचा बाहेरचा व्यास मिमीत, F2 मध्ये इन्सुलेशनची जाडी मिमीत लिहा. मग H2 आणि G2 मध्ये अनुक्रमे ही सूत्रं:

```
H2:  =(E2/2+F2)*LN((E2/2+F2)/(E2/2))/4.625
G2:  =(D2+H2*A2)/(1+H2)
```

इन्सुलेशनचा विरोध हवेच्या थराच्या किती पट आहे ते H2 सांगतो, आणि G2 म्हणजे पृष्ठभागाचं तापमान. ४.६२५ हा आकडा कुठून आला? नायट्राइल रबराची उष्णता-वहन क्षमता ०.०३७ धरली, स्थिर हवेत काळ्या रबरी पृष्ठभागाचा उष्णता घेण्याचा दर ८ धरला, पहिल्याला दुसऱ्याने भागलं आणि मिमीत आणण्यासाठी १००० ने गुणलं. तुमच्या नळीच्या माहितीपत्रकात पहिला आकडा वेगळा असेल तर तो वापरा.

आता बाजारात मिळणाऱ्या जाड्या एकेक करून F2 मध्ये टाकून बघा. ९ मिमीला पृष्ठभाग २३.४ अंशांवर येतो, दवबिंदूच्या जवळपास तीन अंश खाली, म्हणजे धो धो घाम. १३ मिमीला २५.४ येतात. हेही नापास, पण फसवं नापास: सकाळी कोरडं दिसतं, दुपारी ओलं. १९ मिमीला २६.९, म्हणजे दवबिंदूच्या पाऊण अंश वर. २५ मिमीला २७.८.

किमान जाडी काढताना दवबिंदूच्या वर निदान अर्धा अंश सोडा. तो मीटरच्या चुकीसाठी आणि नळीच्या जाडीतल्या कमी-जास्तीसाठी. अर्धा अंश धरून आपल्या पाइपला १८ मिमी लागतात, बाजारात १८ मिळत नाही, म्हणून १९. नळी घेताना व्हर्नियर लावून मोजा. १९ छापलेल्या नळीत १७ भरली तर आपण सोडलेली जागा तिथेच संपली.

थांबा, अजून एक आकडा बदलून बघायचा आहे. B2 मध्ये ८० ऐवजी ८५ करा. दवबिंदू २७.२ वर चढतो आणि १९ मिमीची नळी घामेजते. २५ मिमी लागते. ९० केलं तर दवबिंदू २८.२ होतो आणि ३२ मिमीची नळी कशीबशी तग धरते, तीही अर्धा अंश न सोडता. आर्द्रता ७० असती तर १३ मिमीने भागलं असतं. पाइप तोच, मशीन तेच, फक्त हवा बदलली आणि जाडी अडीचपट झाली. म्हणून एका कोरड्या दिवशी मोजून नळी मागवू नका. जुलै-ऑगस्टमधल्या सलग पावसाच्या दिवसाचा आकडा धरा. काम उन्हाळ्यात करायचं असेल तर कोकण, मुंबई, गोवा या पट्ट्यात बंद सीलिंगसाठी ८५ टक्के धरून चाला. आपल्या दुकानाला मी २५ मिमीच लावेन. १९ आणि २५ मधला खर्चाचा फरक जिप्समचा एक चौकोन बदलून रंग मारण्यापेक्षा कमीच पडतो.

पाइपचा व्यास बदलला की उत्तर बदलतं. त्याच जाडीत जाड पाइपचा पृष्ठभाग जास्त गार राहतो, म्हणून नऊ सुती पाइपला पाच सुतीची जाडी डोळे मिटून लावायची नाही. E2 बदला आणि परत बघा.

चांदीसारखी टेप: दिसायला छान, गणितात वाईट

पुष्कळ ठिकाणी काम «फिनिश» दिसावं म्हणून काळ्या नळीवर चकचकीत अॅल्युमिनियम फॉइलची टेप गुंडाळतात. घाम टाळायचा असेल तर हे उलटं काम आहे. काळा रबर आजूबाजूच्या भिंती, स्लॅब, सीलिंग यांच्याकडून येणारी उष्णता शोषून घेतो आणि त्यामुळेच त्याचा पृष्ठभाग गरम राहतो. चकचकीत फॉइल ती उष्णता परत फेकतं. उष्णता घेण्याचा दर ८ वरून ५ किंवा त्याहूनही खाली उतरतो. सूत्रात ४.६२५ च्या जागी ७.४ टाकून बघा: १९ मिमीच्या नळीचा पृष्ठभाग २६.९ वरून २५.४ वर घसरतो. म्हणजे १९ मिमीचे पैसे देऊन तुम्ही १३ मिमीची नळी लावलीत. वरून आवरण हवंच असेल तर मॅट रंगाचं, अधातूचं घ्या, किंवा फॉइल धरून जाडी नव्याने काढा.

इन्फ्रारेड थर्मामीटरही या फॉइलवर खोटं बोलतो. त्याला फॉइलचं नाही, फॉइलमध्ये उमटलेल्या आजूबाजूच्या वस्तूंचं तापमान दिसतं. फॉइलवर काळ्या इलेक्ट्रिकल टेपचा तुकडा चिकटवा, दहा मिनिटं थांबा आणि त्या तुकड्यावर नेम धरा. काळ्या रबरावर थेट मोजलं तरी चालतं.

लावताना

बरोबर जाडीची नळी आणली आणि तरी पाणी पडलं, असं झालं तर दहातल्या बहुतेक वेळा दोष दोनच जागी सापडतो: सांध्यात किंवा क्लॅम्पखाली.

शक्य असेल तिथे नळी चिरू नका. फ्लेअर करण्याआधीच, म्हणजे नटसाठी पाइपचं टोक पसरवण्याआधीच, तांब्याच्या टोकाला टेप लावून आत कचरा जाणार नाही याची काळजी घेत, अख्खी नळी पाइपवर सरकवा. चिरावीच लागली तर चीर वरच्या बाजूला येऊ द्या आणि दोन्ही कडांना नायट्राइल रबरासाठीचाच चिकटवणारा सोल्युशन लावा. लावल्या लावल्या दाबायचं नाही. बोटाला चिकटेनासं झालं की कडा जुळवून दाबा, आणि मशीन शक्यतो दुसऱ्या दिवशी चालू करा. दोन नळ्या एकमेकींना टेकतात तिथेही तोंडाला सोल्युशन हवंच. नुसती टेप काही महिन्यांत सुटते, मग फटीतून दमट हवा आत जाते आणि पाणी थेट तांब्यावर धरतं. ते पाणी नळीच्या आतून उतारावर वाहत जातं आणि भलत्याच ठिकाणी टपकतं. डाग एका टोकाला आणि फट दुसऱ्या टोकाला, असा प्रकार त्यातूनच होतो.

इनडोअर युनिटच्या मागचा फ्लेअर सांधा गळती-चाचणीपर्यंत उघडाच ठेवावा लागतो. चाचणी झाल्यावर घाईत त्यावर टेपचे चार वेढे मारले जातात. तिथे त्याच जाडीचा रबराचा तुकडा नटवर बसवून, दोन्ही बाजूंच्या नळीला सोल्युशनने जोडून बंद करा.

क्लॅम्पचं गणित बघा. १९ मिमीची नळी लोखंडी पट्टीने आवळून १० मिमी झाली तर त्या जागी पृष्ठभाग २४ अंशांवर येतो. उरलेला सगळा पाइप कोरडा असताना पहिला थेंब नेमका हँगरखाली दिसतो तो याचमुळे. पट्टी आणि रबर यांच्यामध्ये हाताच्या पंजाएवढा लांब, अर्धगोल वळवलेला पत्रा किंवा पीव्हीसी पाइपचा उभा कापलेला तुकडा ठेवा, म्हणजे वजन पसरतं. पांढरी टेप ताणून गुंडाळली तरी हेच होतं. ती ढिली, नळीचा आकार न मोडता गुंडाळायची. दोन नळ्या एकमेकींना किंवा स्लॅबला चिकटून जाऊ देऊ नका. मध्ये दोन बोटं जातील एवढी जागा ठेवा, कारण हवा पोचली नाही तर तो भाग गारठतो.

तरीही ओलं दिसलं तर

फडक्याने नळी पूर्ण पुसा, एसी चालू ठेवा आणि तासाभराने बॅटरी घेऊन बघा. सगळ्या लांबीवर खालच्या बाजूला सारखा ओलावा असेल तर जाडी कमी पडतेय. एकाच जागी थेंब असेल तर सांधा किंवा क्लॅम्प. नळी वरून कोरडी आणि टोकातून पाणी येत असेल तर फट कुठेतरी मागे आहे. एसी बंद असतानाही टपकत असेल तर ड्रेन किंवा गच्ची बघा, इन्सुलेशनला दोष देऊ नका.

जाडी कमी असेल आणि आतला रबर कोरडा असेल तर जुन्यावर दुसरी नळी चढवता येते. फक्त दोन्ही थरांचे सांधे एकाखाली एक येऊ देऊ नका. आतून ओला झालेला रबर मात्र कापून काढा. त्यात शिरलेलं पाणी सहज सुकत नाही, ओला रबर उष्णता जास्त वाहतो, आणि त्यावर नवीन थर चढवला तर ओल आतच कोंडली जाते.

आणि जाडीलाही मर्यादा आहे. आर्द्रता ९५ टक्के असेल तर आपल्या पाच सुती पाइपला ५० मिमीच्या वर जाडी लागते, तीही अर्धा अंश न सोडता. एवढी जाड नळी सीलिंगमध्ये मावत नाही आणि परवडतही नाही. तिथे गच्चीची ओल बंद करा, बाथरूमच्या पंख्याची हवा सीलिंगमध्ये न सोडता बाहेर काढा, आणि सीलिंगला दोन जाळ्या बसवून खोलीतली कोरडी हवा वर फिरू द्या. पोकळी ८० टक्क्यांवर आली की १९ मिमीचं गणित परत लागू होतं.